फोटोखालच्या चार ओळी

पदवीदानाचे फोटो यायला लागले की या सदराकडे एक ठरावीक मागणी येते. काळा गाऊन, चौकोनी टोपी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील, असा फोटो आणि खाली निरोप: “याच्यावर काहीतरी छान लिहून द्या ना. आई-बाबांसाठी. घरातली पहिलीच पदवी आहे.” या वेळी अशा एका फोटोची ओळ कशी लिहिली गेली ते सगळं सांगतो. ओळ मी लिहिली नाही, तिनेच लिहिली. मी फक्त प्रश्न विचारले.

या समारंभाला आपल्यातल्या प्रत्येकाच्या गावी वेगळं नाव आहे. बेळगावात कन्नड फलकावर ‘घटिकोत्सव’ असतं, इंदूर-ग्वाल्हेरला ‘दीक्षान्त समारोह’, बडोद्याला गुजरातीतही ‘पदवीदान’च. फोटोखाली तुमच्या घरात जो शब्द चालतो तो घाला. आजी ज्याला ‘कॉन्व्होकेशन’ म्हणायला शिकली आहे, त्याचं ‘दीक्षान्त’ करून तिला परकं करायचं कारण नाही.

मुलगी बेळगावच्या वडगावची. वडगाव, शहापूर, खासबाग हा यंत्रमागांचा भाग हे बेळगावकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की तिथे पुष्कळ घरांत पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार असतो. हिच्याही घरात दोन माग. शेठ सूत देतो, आप्पा साड्या विणून देतात, मजुरी नगावर. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. आई कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांडीवर आडवं सूत गुंडाळून देते. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले, आई चौथीपर्यंत. मुलगी बी.कॉम. झाली.

तिने मला पाठवलेला पहिला मजकूर असा होता: “आई-बाबा, आज जो काही आहे तो तुमच्यामुळेच. तुमच्या कष्टाचं चीज झालं, तुमच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. तुमचे पांग कसे फेडू? शतशः धन्यवाद!”

यात चूक काही नाही. पण ही ओळ वडगावच्या मुलीची आहे हे कशावरून ओळखायचं? ती डॉक्टरच्या मुलाच्या फोटोखालीही चालेल. शिवाय त्यातला एकेक वाक्प्रचार उलगडून पाहिला तर तो इथे बसतच नाही. पारणं म्हणजे उपास सोडताना घेतलेलं जेवण. डोळ्यांचं पारणं फिटणं म्हणजे डोळे उपाशी होते, त्यांना आज जेवायला मिळालं. कल्पना फार सुंदर आहे, पण ती पाहणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांबद्दल म्हणायची. आई म्हणू शकते. मुलीने आईच्या वतीने जाहीर करणं थोडं आगाऊपणाचं होतं. पांग फेडण्याचं तर अजून दूरच आहे. पदवी हातात आली, नोकरी अजून लागायची आहे. फेडलं काहीच नाही. आणि घरात तिने आईला कधी ‘धन्यवाद’ म्हटलं आहे का? मी विचारलं तर हसायला लागली. “धन्यवाद म्हटलं तर आई ताप आलाय का बघंल.”

मराठीत आईबापांचे आभार मानायचे नसतात असं नाही, पण ते ‘आभार’ हा शब्द वापरून मानले जात नाहीत. यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे आणि तो आपण उगाच जड समजतो: कृतज्ञ. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. समोरच्याने काय केलं हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. म्हणून मी तिला विचारलं, की कष्ट, त्याग, माया हे शब्द बाजूला ठेव. त्यांनी काय केलं, जे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, ते सांग. एक आप्पांचं, एक आईचं.

आप्पांचं सांगायला तिला जराही वेळ लागला नाही. दोन माग चालू असले की घरात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. अशा आवाजात ती लहानपणापासून झोपलेली, जेवलेली. रोजचा अभ्यासही त्यातच केलेला. पण पेपरच्या आदल्या संध्याकाळी आप्पा सात वाजता दोन्ही माग बंद करायचे. दहाला पुन्हा सुरू. कुणी काही बोलायचं नाही. पहिल्या सेमिस्टरला तिला वाटलं, मोटर बिघडली असेल. दुसऱ्या पेपरला पुन्हा तेच झालं तेव्हा कळलं.

मुलगी कॉमर्सची, तिने बसून हिशेब केला. सहा सेमिस्टर, प्रत्येकाला सहा पेपर, म्हणजे 36 संध्याकाळी. तीन-तीन तास. दोन्ही माग 108 तास बंद. म्हणजे जवळजवळ साडेचार दिवस-रात्र. “एवढ्या साड्या झाल्या नाहीत,” ती म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

आईचं आठवायला वेळ लागला. असं बहुतेकांचं होतं. आईचं काम रोजचं, त्यामुळे ते वेगळं असं दिसत नाही. माझा सल्ला असतो की आईबद्दल ‘तिने काय केलं’ असं विचारण्यापेक्षा ‘काय व्हायचं राहिलं’ असं विचारावं. घरात कुठली वस्तू यायची होती आणि आली नाही? कुठलं काम पुढे ढकललं गेलं? तसं विचारल्यावर तिला पत्रे आठवले. मागच्या खोलीचे पत्रे पावसाआधी बदलायचे होते. त्यासाठी आई भिशी लावत होती: दहा जणी, महिन्याला 1,000 रुपये, लिलावाची. नेमकी त्याच वेळी पहिल्या वर्षाची फी आली. लिलावाच्या भिशीत ज्याला घाई असेल तो कमी रकमेवर तयार होऊन उचलतो आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. आईने 10,000 ची भिशी 8,600 ला उचलली. 1,400 रुपये सोडले. पत्रे एक पावसाळा थांबले, आणि त्या पावसाळ्यात पुस्तकं दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली गेली.

इथवर आल्यावर ओळ लिहून झाल्यातच जमा, असं आम्हा दोघांनाही वाटलं. तिने लिहिलं: “आप्पांनी माझ्या 36 पेपरांसाठी 108 तास माग बंद ठेवले. आईने तोट्यात भिशी उचलून माझी फी भरली.” थेट, खरं, आणि कुणाचं तरी उसनं आणलेलं नाही. मलाही आवडलं. पण फोटो टाकण्याआधी ओळ आईवडिलांना वाचून दाखवायची, ही एक अट मी सगळ्यांना घालतो. ओळ त्यांच्याबद्दल आहे. ती आधी परक्यांनी वाचायची आणि त्यांना शेजारणीकडून कळायचं, हे बरं नाही. तिने रात्री जेवताना वाचून दाखवली.

आप्पा म्हणाले, “मागाचं लिहू नकोस. शेठ बघंल.”

झालं होतं असं की साडी एक-दोन दिवस उशिरा गेली की आप्पा शेठला लाइट गेली म्हणून सांगायचे. बेळगावात लाइट जाते, शेठही विश्वास ठेवायचा. आता पोरगी फोटोखाली लिहिणार की लाइट होती, माग आम्हीच बंद केला होता.

आईचं वेगळंच. “भिशीचं लिही, पण तोटा म्हणू नको. त्या नऊ जणींना काय वाटंल? आमच्या पोटावर पैसे खाल्ले म्हणायला लागशील.” हेही खरंच होतं. सोडलेले 1,400 ज्या नऊ जणींत वाटले गेले त्या सगळ्या गल्लीतल्याच, त्यांतल्या दोघी तर फोटो काढायच्या वेळी कॉलेजच्या दारात आलेल्या.

मला या दोन हरकती फार मोलाच्या वाटतात. पहिल्या पिढीच्या पदवीचे कॅप्शन बहुतेक इथे अडखळतात आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. मुलांना आईबापांचं कष्ट सांगण्यात अभिमान वाटतो. पण आईबापांना त्याच गावात, त्याच शेठकडे, त्याच भिशीत उद्या सकाळी जायचं असतं. ‘माझी आई चार घरची धुणीभांडी करते’ हे तुम्ही कौतुकाने लिहिता, आणि त्या चार घरांपैकी एकीने ते वाचून “तुमची मुलगी फार छान लिहिते हो” असं म्हटलं की आईला कुठे पाहावं कळत नाही. काही आयांना याचं काहीच वाटत नाही, त्या उलट सांगतात, ‘लिही, मी कुणाचं चोरलेलं नाही’. म्हणून नियम कुठलाच नाही. विचारायचं. ‘लिहू का?’ असं मोघम विचारलं तर त्या ‘लिही की’ म्हणतात. शब्दन् शब्द वाचून दाखवला तरच खरं उत्तर येतं.

मग लिहायचं काय? खरं खोडायचं नव्हतं आणि उघडंही करायचं नव्हतं. तिनेच वाट काढली. काय केलं ते सांगण्याऐवजी त्यामुळे घरात काय झालं तेवढंच तिने लिहिलं:

“आप्पा, 36 पेपर झाले. प्रत्येक पेपरच्या आदल्या संध्याकाळी सात ते दहा आपल्या घरात आवाज नव्हता. सगळ्या गल्लीत असायचा.
आई, पहिल्या वर्षी पत्रे एक पावसाळा थांबले. माझं एकही पुस्तक भिजलं नाही.
मी बी.कॉम. झालो.”

शेठने वाचलं तर त्याला वाटेल, पोरगी काव्य करते आहे. वडगावात ज्याच्या घरात माग आहे त्याला मात्र पहिल्या दोन वाक्यांतच कळेल की आवाज नव्हता म्हणजे काय होतं. आणि आप्पांना तर कळेलच. (ही सगळी हकीकत इथे छापायला त्यांची हरकत नाही, शेठ आता वेगळा आहे. तरीही विचारून घेतलं.)

शेवटच्या ओळीत ‘झालो’ पाहून बडोदा-इंदूरकडच्या वाचकांना ती छपाईची चूक वाटेल. चूक नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे मुली बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. शाळेत गेलं की बाई ‘आले’, ‘गेले’ करायला लावतात आणि मग घरात एक, वहीत एक अशी सवय लागते. तिनेही आधी ‘झाले’ लिहिलं होतं. मी काही सुचवलं नव्हतं. आईला वाचून दाखवताना तिच्या तोंडून आपोआप ‘झालो’ आलं, आणि मग तिने तेच ठेवलं. परीक्षेच्या पेपरात हे चाललं नसतं. आईला सांगायच्या गोष्टीत हेच बरोबर आहे, असं माझं मत. ज्यांच्या घरी आईला ‘आई’ आणि वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात त्यांनी कॅप्शनपुरते ‘माझे परमपूज्य माता-पिता’ आणू नयेत, तसंच हे.

‘घरातली पहिली पदवीधर’ हे शब्द मात्र तिने गाळले. ते टाकण्याआधी एकदा चौकशी करावी असं मी सुचवलं होतं. चौकशीत निघालं की आप्पांचा एक चुलतभाऊ हुबळीला असतो, त्याने बाहेरून बी.ए. केलं आहे. भावकीत पहिली नाही, आपल्या चुलीवरची पहिली. आणि आत्या दहावीला चांगल्या मार्कांनी पास होऊन थांबलेली, कारण तिच्या पुढे कॉलेज म्हणजे काय हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ‘पहिली’ म्हणताना अशी माणसं मागे पडतात. तिने आत्याला टॅग केलं, शब्द काही लिहिला नाही. आत्याने त्याखाली फक्त हात जोडलेले पाठवले.

आता थोडं कामाचं. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत जागा असते, पण फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून आईवडिलांचं वाक्य सगळ्यात वर घ्या. मित्र, सर, मॅडम, ग्रुपची नावं, हॅशटॅग हे खाली. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: वर पंधरा मित्र आणि तळाला ‘लास्ट बट नॉट लीस्ट आई-बाबा’. लिहिताना सगळ्यात जास्त चुकणारा शब्द म्हणजे ‘आशीर्वाद’. रफार ‘वा’वर आहे, ‘शी’वर नाही. ‘वडील’ दीर्घ, पण ‘वडिलांनी’ ह्रस्व. हे दोन तपासले तरी पुरे. पदवी प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढला असेल तर त्यावरचा नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि क्यूआर कोड झाकून मगच टाका. तिच्या फोटोत आईचा अंगठा नेमका त्या कोडवर आला होता, तेवढं काम वाचलं.

आणखी एक अडचण आहे. ज्यांच्यासाठी हे लिहिलं ते आईवडील इन्स्टाग्रामवर नसतात. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावलं तर 24 तासांनी जातं. म्हणून फोटो छापून घ्या आणि तीच ओळ हाताने लिहून त्याच्याबरोबर ठेवा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि गुळगुळीत कागदावर शाई नीट वाळत नाही, पुढे दुसऱ्या फोटोला लागते. वेगळ्या कागदावर, जरा मोठ्या अक्षरात लिहा, आणि फ्रेमवाल्याला सांगून फोटोच्या खाली काचेच्या आतच बसवून घ्या. चौथीपर्यंत शिकलेली आई छापील बारीक अक्षर टाळते, पण मुलीचं हस्ताक्षर ती वाचते. सुटं-सुटं अक्षर काढा, जोडाक्षरं उभी-आडवी न मोडता.

तिने तसंच केलं. फ्रेम पुढच्या खोलीत, मागाच्या समोरच्या भिंतीवर लागली आहे. जागा आप्पांनी ठरवली. तिथे माग चालला की भिंत हादरते आणि साधा खिळा आठवड्यात सैल होतो, म्हणून त्यांनी भिंतीत भोकं पाडून दोन स्क्रू लावले, आणि फ्रेमच्या खालच्या कडेला मागे रबराचा तुकडा चिकटवला, काच थरथरून वाजू नये म्हणून.